कोल्ह्याच्या शेपटीचं टोक

लेक साडेतीन वर्षांची असताना आम्ही दिवाळीला करमाळ्याला गेलो होतो. माझं सासर तिथलं. शेत उजनीच्या फुगवट्याच्या अंगाला, त्यामुळे नजर जाईल तिथवर ऊस. एका संध्याकाळी बांधावरून परतताना उसाच्या फडातून एक जनावर बाहेर आलं, वाटेवर थबकलं, आमच्याकडे बघितलं आणि पलीकडच्या फडात शिरलं. सासरे नातीला कडेवर घेऊन पुढे चालले होते. ते हळूच म्हणाले, "बघ बाळा, कोल्हा."

"नाही आजोबा," ती म्हणाली, "कोल्हा केशरी असतो."

"मग हे काय होतं?"

"भूभू."

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचं सगळं आयुष्य या शिवारात गेलेलं. रात्री राखणीला बसून त्यांनी जितके कोल्हे बघितले असतील तितके आम्ही सगळ्यांनी मिळून चित्रातही बघितले नसतील. पण लेकीकडे पुरावा होता. पुण्याच्या घरी तिचं पुठ्ठ्याच्या जाड पानांचं एक पुस्तक होतं, वर इंग्रजी नाव आणि खाली मराठी. त्यात ‘एफ’च्या पानावर एक केशरी प्राणी बसलेला. काळे मोजे घातल्यासारखे पाय, झुपकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. वर लिहिलेलं फॉक्स, खाली कोल्हा. दोन वर्षं रोज रात्री मीच तिला ते वाचून दाखवत होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी अण्णांना विचारलं, "अण्णा, कोल्ह्याच्या शेपटीचं टोक कसं असतं?" ते लगेच म्हणाले, "काळं." मी म्हटलं, पुस्तकात पांढरं दाखवलंय. त्यावर ते म्हणाले, "मग तो कोल्हा नाही."

त्यांचं बरोबर होतं. मराठीत ज्याला कोल्हा म्हणतात त्याला इंग्रजीत जॅकल म्हणतात. मळकट पिवळसर अंग, पाठीवर काळे-राखाडी केस मिसळलेले, शेपटी फार झुपकेदार नाही आणि टोकाला काळी. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही ‘कोल्हा’पुढे जॅकलच दिलेला आहे. पुस्तकातला पांढऱ्या टोकाचा तो युरोपातला तांबडा फॉक्स. त्याचे भाईबंद आपल्या देशात हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या वाळवंटी भागात आहेत, महाराष्ट्रात नाहीत. आपल्याकडे फॉक्स आहेच, पण तो वेगळा. त्याचं नाव खोकड. कोल्ह्यापेक्षा बराच लहान, राखाडी, मोठ्या कानांचा, माळावर बिळं करून राहणारा. त्याच्याही शेपटीचं टोक काळंच.

मग फॉक्सचा कोल्हा झाला कुठे? मला वाटतं, गोष्टींमध्ये झाला. इसापच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा त्यातल्या धूर्त फॉक्सला कोल्ह्याचं नाव मिळालं, कारण आपल्या गोष्टींत लबाडीचं काम आधीपासून कोल्हाच करत होता. गोष्टीपुरतं ते चांगलंच भाषांतर होतं. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा कुणालाही खोटा वाटला नाही. आपला कोल्हा बोरं खातो, कलिंगडं फोडतो, ऊस चावतो, तो द्राक्षं का सोडेल? अडचण तिथून पुढे झाली. गोष्टीतलं ते नाव उलटं फिरून चित्राखाली येऊन बसलं आणि चित्र मात्र परदेशातलंच राहिलं.

आणि भाषेने तर खूण सांभाळून ठेवली होती. आपण ‘कोल्हेकुई’ म्हणतो. एकाने सूर लावला की दुसरा, तिसरा, मग सगळा शिवारच ओरडायला लागतो, ती कोल्हेकुई. हे जॅकलचं वागणं आहे. फॉक्स अशी सामुदायिक आरोळी देत नाही. पंचतंत्रातला निळीच्या हौदात पडलेला कोल्हा आठवा. जंगलाचा राजा होऊन बसला, आणि लांबून कोल्ह्यांची कुई ऐकू आल्यावर त्याला राहवलं नाही, त्यानेही मान वर करून सूर मिळवला आणि पकडला गेला. तिथे फॉक्स बसवला तर गोष्टच मोडते.

मी तेव्हाच ठरवलं की आपण एक पुस्तक करायचं. चित्रं काढणारी एक मैत्रीण होती, ती तयार झाली. आठ पानांचे तीन फर्मे, म्हणजे चोवीस पानं, त्यात वीस प्राणी-पक्षी. वर मराठी नाव, खाली इंग्रजी. हा क्रम मुद्दाम. तोवर बघितलेल्या बहुतेक पुस्तकांची सुरुवात इंग्रजी यादीपासून झालेली दिसायची. ए फॉर, बी फॉर करत सव्वीस शब्द घ्यायचे, चित्रं आयती मिळवायची आणि मग कोशात बघून खाली मराठी भरायचं. आम्ही उलटीकडून निघालो. आधी प्राणी ठरवायचा, मुलाला घराबाहेर चालत जाऊन दिसू शकेल असा. मग त्या भागातल्या त्या प्राण्याचं चित्र. मग त्याला माणसं जे म्हणतात ते नाव. आणि शेवटी, त्याच प्राण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते.

नावं तपासायची आमची रीत साधी होती. पत्त्यांच्या जोडासारखी चित्रांची कार्डं केली, त्यांवर एक अक्षर लिहिलं नाही, आणि भेटेल त्याला विचारायला लागलो, "हे काय आहे?" उत्तर लगेच आलं तर चित्र बरोबर. माणूस घुटमळला तर चित्रात काहीतरी चुकलंय. दोघांनी दोन नावं सांगितली तर पुढे विचारायचं.

पहिल्याच फेरीत कावळा पडला. मैत्रिणीने तो सबंध काळा रंगवला होता, सगळ्यांच्या मनात असतो तसा. दूधवाले काका म्हणाले, "हा डोमकावळा. आपल्या खिडकीतला नाही." खिडकीत पोळीच्या तुकड्याला येतो त्या कावळ्याची मान आणि छाती राखाडी असते. रोज बघून आमच्या दोघींच्या ते लक्षात नव्हतं. मान राखाडी केल्यावर एका पोराने चित्र बघून नुसतं "काव काव" केलं, नाव सांगायचीही गरज पडली नाही.

ससा दुसऱ्या फेरीत पडला. आमचा ससा पांढरा, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा. करमाळ्याकडच्या माळावर मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर आजोबांना दाखवला तर ते म्हणाले, "हा पाळायचा. ससा भुरा असतो, गवतात बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही." मराठीत दोघेही ससे, पण इंग्रजीत पाळायचा तो रॅबिट आणि माळावरचा तो हेअर. फरक नुसत्या रंगाचा नाही. रॅबिट बीळ खणतो आणि त्याची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. हेअर बीळ करत नाही, गवतातल्या खळग्यात दबून बसतो, आणि त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवूनच जगात येतात. उघड्यावर जन्मायचं तर तेवढी तयारी हवीच. आम्ही भुरा ससा घेतला आणि खाली हेअर लिहिलं. छापून झाल्यावर दोन पालकांनी "चूक आहे, रॅबिट हवं" असं कळवलं. त्यांना मी वरचं सगळं लिहून पाठवलं.

खोकडाचं कार्डही त्याच आजोबांनी ओळखलं. गावात तीन जणांनी त्याला "कोल्ह्याचं पिल्लू" म्हटलं होतं आणि एकाने "लहान कोल्हा". आजोबांनी कार्ड जवळ धरलं, कानांकडे बोट केलं आणि म्हणाले, "खोकड." मग माळाच्या एका चढाकडे हात दाखवून सांगितलं की तिकडे त्याची बिळं आहेत, एकाला चार-पाच तोंडं असतात. आमच्या पुस्तकात आता समोरासमोर दोन पानं आहेत. डावीकडे उसाच्या कडेला उभा कोल्हा, खाली जॅकल. उजवीकडे बिळाच्या तोंडाशी बसलेलं खोकड, खाली फॉक्स. दोघांच्या शेपट्या पूर्ण दिसतील अशाच काढल्या आहेत. वीस प्राण्यांपैकी सगळ्यात जास्त वेळ या दोन पानांनी घेतला, आणि तो सार्थकी लागला असं मला अजून वाटतं.

इंग्रजी नाव शोधताना एके ठिकाणी मात्र मी हरखून गेले. मुंगसाला इंग्रजीत मॉन्गूस म्हणतात हे शाळेत पाठ केलं होतं, पण तो आपलाच शब्द आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीने तो मराठीतूनच घेतला. शेवटचा भाग त्यांच्या ओळखीच्या ‘गूस’, म्हणजे बदकाच्या जातीतल्या पक्ष्याच्या नावासारखा ऐकू आला म्हणून स्पेलिंगही तसंच झालं. पण गूसचं अनेकवचन गीस होतं तसं मॉन्गूसचं मॉन्गीस होत नाही, मॉन्गूसेस होतं. मूळ शब्दाचा त्या पक्ष्याशी संबंधच नाही ना! त्या पानावर आम्ही दोन्ही नावं सारख्याच आकारात छापली. मुलं ती एकापाठोपाठ एक म्हणतात आणि त्यांना ती एकाच शब्दाची दोन रूपं वाटतात, तशी ती आहेतच. घुशीचं इंग्रजी नाव बँडिकूटही असंच इथलं, तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून गेलेलं, म्हणजे डुक्कर-उंदीर. घूस एकदा जवळून बघितली की ते नाव पटतं.

पक्ष्यांच्या नावांत आणखी वेगळी गंमत आहे, कारण तिथे दोन भाषांचे कान दिसतात. तांबट घ्या. हिरवागार, चिमणीहून थोडा मोठा, वडा-पिंपळाच्या शेंड्याला बसून टुक टुक टुक करत राहतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडते तसा आवाज. म्हणून मराठीत तांबट आणि इंग्रजीतही तोच अर्थ, कॉपरस्मिथ. दोघांनी एकच ऐकलं. आता पावशा. मृगाच्या आधी, उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना तो ओरडायला लागतो. आवाज एकेक पायरी चढत जातो आणि टोकाला जाऊन तुटतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू आलं. इकडे आलेल्या साहेबाला तोच आवाज दुपारी, रात्री, झोपेत छळत राहिला आणि त्याने पक्ष्याला नाव दिलं ब्रेन-फीव्हर बर्ड, म्हणजे मेंदूज्वराचा पक्षी. त्याला त्या सुरात ‘ब्रेन-फीव्हर’ हेच शब्द ऐकू येत होते. ओरडणारा पक्षी एकच. पेरणीची वाट बघणाऱ्याने एक ऐकलं आणि उन्हाने बेजार झालेल्याने दुसरं.

खाली काय लिहायचं यावर आमचा दोघींचा थोडा वाद झाला. पक्ष्यांच्या पुस्तकांतलं रीतसर इंग्रजी नाव कॉमन हॉक-ककू असं आहे. शिकऱ्यासारखा दिसणारा कोकीळकुळातला पक्षी, असा त्याचा अर्थ. शेवटी तेच छापलं. चार वर्षांच्या मुलाला मेंदूज्वर कशाला? पण चित्राच्या कडेने मैत्रिणीने लहान अक्षरांत ‘पेरते व्हा’ असं चढत्या ओळीत लिहिलं, आवाज चढतो तसं. वाचून दाखवणाऱ्याला ती ओळ आपोआप चढ्या सुरात म्हणावीशी वाटते.

पावशाच्या शेजारचं पान सातभाईंचं. ते शेजारी ठेवण्याला कारण आहे. पावशा स्वतः घरटं करत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू सातभाई वाढवतात. हे पक्षी मातकट रंगाचे, पिवळट डोळ्यांचे, सहा-आठच्या टोळीने जमिनीवरचा पाचोळा उलटापालटा करत फिरतात, आणि सतत कलकलाट. मराठीत ते सात भाऊ. इंग्रजीत त्यांचं रीतसर नाव जंगल बॅबलर असलं तरी बोलताना म्हणतात सेव्हन सिस्टर्स, सात बहिणी. सातचा आकडा दोघांनीही धरला, नातं तेवढं बदललं. इथे आम्ही सेव्हन सिस्टर्सच छापलं, कारण भाऊ की बहीण हा प्रश्न विचारल्याशिवाय एकही मूल ते पान उलटत नाही. खरं उत्तर असं की टोळीत नर-माद्या दोन्ही असतात आणि त्या बाहेरून बघून ओळखू येत नाहीत.

यावरून लिंगाची गोष्ट आली. माझी धाकटी बहीण परदेशात असते. तिची मुलं घरात मराठी बोलतात, समजतं सगळं, पण "तो खार झाडावर गेला" म्हणतात, "ती सरडा" म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही. इंग्रजीत प्राण्याला ‘इट’ म्हणून भागतं, मराठीत प्रत्येक नावाचं घर ठरलेलं. खार ती, सरडा तो, कासव ते, घार ती, घुबड ते. याला नियम सांगता येत नाही, कानावरच पडावं लागतं. पुण्यात ते अंगणात पडतं, तिच्याकडे पडायला माणसंच नाहीत. म्हणून आमच्या पुस्तकात नुसतं नाव नाही. ‘ती खार’, ‘तो सरडा’, ‘ते कासव’ असं छापलं आहे. एका अक्षराने पान जड होत नाही. बहिणीने पुस्तक मिळाल्यावर दोन महिन्यांनी फोनवर सांगितलं की मोठा आता धाकट्याला दुरुस्त करतो.

आता ‘आपल्याकडे काय म्हणतात’ यातल्या ‘आपल्याकडे’ची अडचण. माझं माहेर सावंतवाडीचं. तिथे आजीच्या तोंडी खार नव्हतीच, चानी होती. भारद्वाज हे नाव मी पुण्याला आल्यावर शिकले. आमच्या परसात फणसाखाली तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा तो मोठा पक्षी फिरायचा त्याला आम्ही कुकुडकोंबा म्हणायचो. त्याचा घुमणारा आवाज ऐकला की ते नाव का पडलं हे विचारावं लागत नाही. विदर्भातली एक शिक्षिका म्हणाली की तुम्ही नीलगाय लिहाल तर आमची पोरं विचारतील ही कोण, आमच्याकडे तो रोही. प्रत्येक पानावर पाच-पाच नावं छापली तर लहान मुलाचं पुस्तक राहत नाही. एकच छापलं तर बाकीच्यांना आपलं नाव खोटं आहे असं वाटतं, आणि माझ्या लेकीने आजोबांना सांगितलं तसं कुणीतरी आपल्या आजीला सांगणार.

यावर आम्हाला सुचलेला उपाय असा. मोठ्या अक्षरात एक नाव, जे कार्डांच्या फेऱ्यांत सर्वांत जास्त जणांनी सांगितलं. आणि पानाच्या तळाशी एक तुटक रेघ, तिच्यापुढे फक्त एवढंच: ‘आमच्याकडे:’. रेघ रिकामी. ती घरच्या माणसाने पेन्सिलीने भरायची. कागद थोडा खरखरीत निवडला, कारण गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. छापखान्यात आधी गुळगुळीत कागदावर नमुना काढून दिला होता, तो परत करावा लागला.

रेघा भरल्या गेल्या. सावंतवाडीच्या भाच्याच्या प्रतीत खारीखाली ‘चानी’ आहे, आजीच्या थरथरत्या अक्षरात. करमाळ्याच्या प्रतीत अण्णांनी कोल्ह्याखाली काहीच लिहिलं नाही. "आहे तेच बरोबर आहे," म्हणाले. शेवटचं पान आम्ही कोरं सोडलं होतं, जो प्राणी पुस्तकात नाही तो मुलाने काढावा म्हणून. गेल्या उन्हाळ्यात अण्णांच्या शेजारच्या वाडीवरचा पहिलीतला एक मुलगा त्याची प्रत घेऊन आला. त्याने घोरपड काढली होती, आडवी, शेपटी पानाबाहेर गेलेली. वर ‘ती घोरपड’ असं बरोबर लिहिलं होतं आणि खाली इंग्रजीसाठी जागा ठेवली होती. मला म्हणाला, "काकू, हिला इंग्रजीत काय म्हणतात ते लिहून द्या."

मी लिहून दिलं आणि वाचून दाखवलं, "मॉनिटर लिझर्ड."

त्याने चित्राकडे बघितलं. "मॉनिटर? वर्गातला असतो तो?"

"शब्द तोच आहे."

"मग ही कुणावर लक्ष ठेवते?" त्याने विचारलं, आणि आम्ही दोघं अण्णांना विचारायला गोठ्याकडे गेलो.